गोठ्याचं जोतं खालून वर मोजलं

गोठा बांधायचा म्हटलं की आमच्या कराड भागात पहिली चौकशी पत्र्याची होते. पत्रा कुठला, जाडी किती, वेल्डर कोण, कैच्या पाइपच्या की अँगलच्या. जमिनीच्या उताराचा विषय निघतो तो कोबा टाकायच्या दिवशी, आणि तोही मिस्त्रीच्या तोंडून: "उतार काढतो की, त्याची काय काळजी!" मिस्त्री उतार काढतोही, पण नजरेच्या अंदाजानं. मग पहिल्याच पावसाळ्यात कुणाच्या गोठ्यात मूत्र नालीच्या मध्यावर तुंबतं, कुणाच्या खड्ड्यातलं पाणी पाइपातून उलटं गोठ्यात येतं. पत्रा कधीही बदलता येतो. जोतं एकदा भरलं, वर कोबा पडला, की पातळी बदलायला सगळं फोडावं लागतं.

माझ्या सहा संकरित गायींच्या गोठ्याचं काम उलट्या टोकाकडून सुरू झालं, त्याचं श्रेय चुलत्यांचं. तात्यांची उमर उपसा सिंचनाच्या पाटावर पाणी वाटण्यात गेली. मी कागदावर गोठ्याचं चित्र काढून त्यांच्यापुढं धरलं, तर त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "गाई कुठं बांधणार ते ऱ्हाऊ दे. मूत आन् धुण्याचं पाणी शेवटाला कुठं सोडणार हाईस, ते सांग आदी."

आमचं रान काळं आहे आणि पूर्वेकडं उतरतं. पश्चिमेला घर आणि विहीर, पूर्वेच्या बांधाला पावसाचं पाणी वाहून नेणारा चर. म्हणजे स्लरीचा खड्डा पूर्वेला, हे ठरलेलंच होतं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, त्यामुळं वासही घरापासून लांब जातो, आणि विहीर चढावर असल्यामुळं खड्ड्यातलं पाणी तिच्याकडं झिरपायची भीती कमी. प्रश्न होता तो उंचीचा. जोराचा पाऊस झाला की पूर्वेकडच्या काळ्या रानावर थोडा वेळ पाणी साचतं. खड्ड्यात पडणाऱ्या पाइपचं तोंड त्या पाण्याच्या खाली राहिलं, तर रानातलं पाणी आधी खड्ड्यात आणि मग गोठ्यात.

तात्यांनी एक खुंटी रोवली, जागेच्या सगळ्यात सखल पूर्व टोकाला, आणि तिथली जमीन शून्य धरली. तिथून आम्ही इंचाइंचानं वर चढलो. ही बेरीज पूर्ण देतो, कारण सगळा गोठा तिच्यावरच उभा आहे.

खड्ड्यात पाणी पडतं ते तोंड जमिनीपासून ६ इंच वर ठेवलं. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं याचा डाग बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर दिसत होता, त्याच्यापेक्षा थोडं वर. गोठ्यापासून खड्डा २० फूट लांब. एवढ्या अंतरात पाइपला ५० फुटांना १ फूट, म्हणजे इथं जवळजवळ ५ इंच उतार हवा. त्यामुळं गोठ्याकडचं पाइपचं तोंड ११ इंचांवर आलं. पाइप चेंबरमधून निघतो आणि नालीचा तळ त्याच्या किमान २ इंच वर हवा, म्हणजे चेंबर भरला तरी पाणी मागं नालीत सरकत नाही. झाले १३. नाली ३ इंच खोल, म्हणून गाईचे मागचे पाय जिथं टेकतात ती कड पूर्वेच्या टोकाला १६ इंचांवर. आता नालीला लांबीत उतार हवा. गोठा २७ फूट लांब आणि उतार शंभराला एक, म्हणजे साधारण ३ इंच. पश्चिम टोकाची कड १९ इंचांवर. शेवटी गाय उभी राहते त्या ठाणाचा, गव्हाणीकडून नालीकडं येणारा उतार: साडेपाच फुटांत पावणेदोन इंच. सगळं मिळून गव्हाणीच्या पायाशी, पश्चिमेच्या टोकाला, जवळजवळ २१ इंच.

मिस्त्री म्हणाला होता, "फूटभर जोतं बास झालं, सगळ्यांचं तेवढंच असतंय." २१ आकडा ऐकून तो हसला. पण आमची जमीन पश्चिमेला मुळातच ९ इंच उंच आहे, हे पाण्याच्या नळीनं तपासल्यावर दिसलं. त्यामुळं पश्चिमेला जोतं दिसायला फूटभरच आलं आणि खरा भराव पडला तो पूर्वेला. पाण्याची नळी म्हणजे मिस्त्रीकडं असते तीच पारदर्शक नळी. तिच्यात बुडबुडा राहिला तर माप खोटं येतं, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का, हे आधी बघायचं आणि मगच खुंटीवर खूण करायची. तात्या त्याशिवाय खूण करूच देत नव्हते.

या बेरजेत एक पेच आहे आणि बरेच गोठे तिथंच फसतात. नालीला लांबीत उतार द्यायचा तर दोन मार्ग. ठाण सपाट ठेवून नाली पुढं पुढं खोल करत न्यायची, किंवा ठाणासकट अख्खी जमीनच लांबीत उतरती ठेवायची. पहिल्या मार्गात नाली एका टोकाला ३ इंच आणि दुसऱ्या टोकाला ६ इंच खोल होते. शेवटच्या गाईचा मागचा पाय उठता-बसता त्या खोलीत गेला की मुरगळतो, शिवाय फावडं सगळीकडं सारखं चालत नाही. आम्ही दुसरा मार्ग घेतला. सगळा गोठा पूर्वेकडं ३ इंच उतरता. २७ फुटांत ३ इंच डोळ्यालाही दिसत नाहीत, पण नाली सगळीकडं सारखी ३ इंच राहिली. गव्हाणही त्याच उतारात असल्यामुळं तिची मोरी पूर्वेच्या टोकाला काढता आली आणि धुतलेलं पाणी आपोआप निघून जातं.

ठाणाचा उतार यापेक्षा जास्त का दिला नाही, असं बरेच जण विचारतात. जास्त उतार म्हणजे जास्त कोरडं, हा हिशेब सरळ वाटतो. पण गाय दिवसरात्र मागच्या बाजूनं खाली झुकून उभी राहिली की वजन मागच्या पायांवर येतं, आणि गाभण गाय शेवटच्या महिन्यांत अशी बसली तर अंग बाहेर यायचा धोका वाढतो. आमच्या पशुवैद्यकांनी ते स्पष्ट सांगितलं होतं: ४० फुटांना १ फूट पुरे, ३० फुटांना १ फूट यापेक्षा जास्त उतार देऊ नका. ६० ला १ इतका कमी ठेवला तरी चालतो, पण मग कोबा अगदी सफाईदार लागतो. जरा कुठं खळगा राहिला की मूत्र तिथंच थांबतं.

लांबी-रुंदीची मापं गाईवरच घेतली. आईनं आमची सगळ्यात थोराड गाय जुन्या गोठ्यात वैरणीला लावली आणि ती मान खाली घालून खात असताना गव्हाणीच्या कडेपासून मागच्या खुरांपर्यंत टेप धरला. साडेपाच फुटाला थोडं कमी भरलं. ठाण यापेक्षा लांब केलं तर शेण नालीत न पडता ठाणावरच पडतं, गाय त्यातच बसते आणि सडांना घाण लागून कासदाहाला वाट मिळते. आखूड केलं तर मागचे पाय कायम नालीत. रुंदीला प्रत्येकीला ४ फूट. उत्तरेकडून दक्षिणेकडं रचना अशी बसली: ४ फूट वैरणीची वाट, अडीच फूट गव्हाण, साडेपाच फूट ठाण, १ फूट नाली, ४ फूट धारेची वाट. एकूण १७ फूट. रोजगार हमीशी जोडलेल्या शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत दोन ते सहा जनावरांच्या गोठ्याचं माप ७.७ मीटर बाय ३.५ मीटर आहे आणि रक्कम ७७,१८८ रुपये. म्हणजे साधारण २५ फूट बाय साडेअकरा फूट. त्यात गव्हाण, ठाण आणि नाली बसते, दोन्हीकडच्या वाटा बसत नाहीत. त्या मापात गोठा करणाऱ्यानं वाटांपुरती वळचण तरी वाढवून घ्यावी.

काळ्या मातीबद्दल थोडं. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर थेट सोलिंग अंथरलं तर दोन-तीन वर्षांत कोबा तडकून सगळा उतार बिघडतो. वरची फूटभर माती काढून आम्ही ती रानात पसरली. खांबांचे खड्डे पोटमुरूम लागेपर्यंत नेले. मग मुरूम ६-६ इंचांच्या थरानं भरला, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मस केला. एकदम दोन फूट ओतून वरून रोलर फिरवला तर फक्त वरचे काही इंच दबतात, खालचा थर पोकळच राहतो. दबून साडेसहा ब्रास मुरूम लागणार असा हिशेब होता, सुटा मागवताना ८ ब्रास धरला. त्यावर ६ इंच दगडाचं सोलिंग आणि ४ इंच कोबा. एकास दोनास चार या प्रमाणानं सिमेंटची २७-२८ पोती.

सोलिंगवरच उतार तयार झाला पाहिजे. सोलिंग सपाट ठेवून कोब्याच्या जाडीत उतार काढायला गेलं, तर एका बाजूला कोबा ६ इंच आणि दुसऱ्या बाजूला २ इंच होतो, आणि दोन इंचांचा कोबा गाईच्या खुराखाली टिकत नाही. आम्ही गव्हाणीच्या आणि नालीच्या कडेला खुंट्या मारून दोऱ्या ताणल्या आणि सोलिंग त्या दोऱ्यांखाली सगळीकडं सारखं ४ इंच खोल आहे, हे बघूनच काँक्रीट सोडलं.

खरी घासाघीस झाली ती वरच्या फिनिशिंगवर. आमचा मिस्त्री घरांच्या फरशा करणारा, हात फार साफ. थापीनं घोटून घोटून त्यानं पहिल्या ठाणाचा कोपरा आरशासारखा केला आणि मोठ्या कौतुकानं मला दाखवला. मी म्हटलं, "मिस्त्री, यावर गाय नाही, नाच्या उभा राहील." गुळगुळीत कोब्यावर शेणमूत्र पडलं की गाय घसरते. एकदा घसरलेली गाय मग बसायला-उठायला भिते, उभी राहून राहून पाय सुजवून घेते, माजावर आली तरी कळू देत नाही. शेवटी लाकडी रंध्यानं खरबरीत पोत ठेवला आणि कोबा अर्धवट आवळला की त्यात अर्ध्या इंचाचा पाइप दाबून तिरप्या रेघा पाडल्या. दोन्ही दिशांनी, साधारण ४ इंचांच्या अंतरावर, शंकरपाळ्यांसारख्या. सरळ नालीकडं जाणाऱ्या रेघा पाणी चांगलं नेतात, पण खूर घसरतो तोही त्याच दिशेला, म्हणून पकड कमी मिळते. आडव्या रेघा पकड देतात पण मूत्र अडवतात. तिरप्या रेघांत दोन्ही कामं भागतात. रेघांच्या कडांना आलेली धार दुसऱ्या दिवशी विटेनं घासून मोडली, नाहीतर नवा कोबा खुराचा तळवा खातो. त्यानंतर तीन आठवडे पाणी मारलं. तोवर गाई जुन्याच गोठ्यात.

कोबा पक्का झाल्यावर तात्यांनी परीक्षा घेतली. प्रत्येक ठाणाच्या गव्हाणीकडच्या कडेला बादलीभर पाणी ओतायचं आणि गंमत बघत बसायचं. सगळं पाणी नालीत उतरल्यावर जिथं ओल चमकत राहिली, तिथं खडूनं गोल. चौथ्या ठाणावर वीतभर गोल निघाला, तिथून नालीपर्यंत कटरनं एक रेघ मारून दिली. नालीच्या पश्चिम टोकाला बादली ओतली तर पूर्वेच्या चेंबरात पाणी सरळ पोहोचलं, मध्ये कुठं थांबलं नाही. नालीचे तळाचे कोपरे काटकोनात न ठेवता गोलसर केले आहेत. काटकोनात शेण अडकतं, तिथं माश्या अंडी घालतात, आणि फावड्यानं तो कोपरा कधीच साफ होत नाही.

गव्हाणीबद्दल एकच सांगतो. आम्ही मुरघास घालतो, आणि मुरघासातलं आम्ल सिमेंट खातं. नुसत्या सिमेंटच्या गव्हाणीत वर्षा-दोन वर्षांत वाळू-खडी उघडी पडते आणि गाईची जीभ खरचटते. म्हणून तळाला आणि कडेला टाइल. तळ ठाणापेक्षा ३ इंच उंच, म्हणजे गाईला पुढं वाकून गुडघ्यावर जोर द्यावा लागत नाही.

चेंबर २ फूट बाय २ फूट, आणि त्याचा तळ पाइपच्या तोंडापेक्षा फूटभर खोल. वैरणीच्या काड्या, वाड्याचे तुकडे आणि वाळू तिथं खाली बसते आणि पुढं फक्त पातळ जातं. पाइप ६ इंचांचा, एकही वळण नाही, तोंडाला उचलता येणारी जाळी. शेजारच्या गावात एकानं ४ इंची पाइप टाकून मध्ये एल्बो वापरला आहे. तो दर महिन्याला बांबू घेऊन पालथा पडलेला दिसतो. खड्डा ६ बाय ६ आणि ५ फूट खोल. म्हणजे साधारण ५ हजार लिटर. मूत्र आणि धुण्याचं पाणी मिळून रोजचं अडीचशे लिटर धरलं, तर वीस दिवस पुरतो. घट्ट शेण फावड्यानं वेगळं उचलतो, ते यात धरलेलं नाही. खड्डा भरत आला की पंपानं उसाच्या सरीत.

मात्र हा वीस दिवसांचा हिशेब टिकतो तो छपराचं पाणी खड्ड्यात जात नाही तोवरच. वळचणीसकट आमचं छप्पर साधारण ६९० चौरस फूट भूभाग झाकतं. त्यावर १ इंच पाऊस पडला की १६०० लिटर पाणी होतं. असे तीन पाऊस झाले की नुसत्या पागोळ्यांनी खड्डा काठोकाठ भरतो, आणि मग पातळ झालेली स्लरी वाहून चरात. म्हणून दोन्ही बाजूंना पन्हळी आहेत आणि त्यांचं पाणी वेगळ्या पाइपनं थेट बांधाच्या चरात जातं. धारेच्या वाटेच्या बाहेरच्या कडेला २ इंचांचा उंचवटा आहे, वाऱ्यानं आत आलेलं पाणी तिथं अडतं. ती वाटसुद्धा नालीकडंच उतरती आहे.

आता छप्पर. दिशेवर घरात बराच वाद झाला. वाचनात दोन्ही मतं येतात: लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, लांबी दक्षिणोत्तर ठेवा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. मुक्त संचार गोठ्यात सावलीची जागा दिवसभर सरकत राहिली तर जमीन सगळीकडं वाळते, तिथं दक्षिणोत्तर बरं. बांधीव गोठ्यात गाय जागची हलत नाही, तिला उन्हापासून वाचवायचं तर लांबी पूर्व-पश्चिमच हवी. आमच्याकडं मे महिन्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो, त्यामुळं दक्षिणेकडून किंवा उत्तरेकडून ऊन आत येतच नाही. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेला झुकून दुपारी ४९ अंशांवर असतो. आमच्या वळचणीची कड ठाणापासून ८ फूट उंच आणि खांबाच्या ३ फूट बाहेर आहे. कागदावर रेघ मारून बघितली तर थंडीतलं दुपारचं ऊन खांबाच्या आत जवळजवळ ४ फूट येतं, म्हणजे धारेची वाट ओलांडून बरोबर नालीच्या कडेला टेकतं. सकाळी आणि दुपारनंतर ते आणखी आत सरकतं. म्हणून गाईंची तोंडं उत्तरेला आणि नाली दक्षिणेला. ओली राहणारी बाजू थंडीत उन्हात, आणि चाऱ्याची बाजू कायम सावलीत. हेच उलट केलं असतं, तर ऊन गव्हाणीतल्या मुरघासावर पडलं असतं आणि नाली वर्षभर ओली राहिली असती.

खांबावर उंची ९ फूट, उतार तीनाला एक, आढ्याला जवळजवळ १२ फूट. वेल्डर म्हणत होता, "एवढी उंची कशाला? ७ फुटात पत्रा, पाइप सगळं वाचतंय." वाचतं खरं. पण सात फुटांवर तापलेला पत्रा गाईच्या पाठीवर आग ओततो, आणि गरम हवा वर जायला जागाच उरत नाही. आढ्याशी दोन्ही पाखांच्या मध्ये ४ इंचांची फट अख्ख्या लांबीत मोकळी ठेवली आहे. रुंदीच्या दर १० फुटांना २ इंच, असा त्याचा ठोकताळा. १७ फुटांना साडेतीन येतात, म्हणून चार. त्या फटीवर अडीच फूट रुंदीची टोपी ६ इंच वर उचलून बसवली. "पाणी आत येईल, मला नंतर बोल लावू नका," असं वेल्डरनं दोनदा ऐकवलं. फटीकडच्या पत्र्यांच्या कडा त्याच्याकडून वर दुमडून घेतल्या आणि टोपी दोन्हीकडं फूटभर पुढं आली. वादळी पावसात थोडे तुषार येतात, एवढंच. ज्या गोठ्यात आढं बंद आहे तिथं पहाटे पत्र्याच्या आतून घाम टपकतो, त्या मानानं हे काहीच नाही.

पश्चिमेची बाजू ४ फूट भिंत आणि वर जाळीच्या विटा, कारण मोसमी पाऊस तिकडूनच तिरका येतो. उत्तर-दक्षिण पूर्ण उघडी. पूर्वेला फक्त पोत्यांचा पडदा, तो थंडीत रात्री सोडतो, तेही वासरांच्या कोपऱ्यापुरता. आईला हे पटत नव्हतं. "आरं, जित्राबं गारठून मरतील," म्हणायची. जुना गोठा तीन बाजूंनी बंद होता आणि थंडीत ऊबदार लागायचा. पण ती ऊब मूत्राच्या वाफेची होती. पहाटे त्या गोठ्यात गाईच्या नाकाच्या उंचीला उकिडवं बसलं की डोळे चुरचुरायचे. माणूस उभ्यानं आत येतो आणि जातो, त्याला ते कळत नाही. गाय रात्रभर तिथंच तोंड खाली घालून बसलेली असते. कोरड्या जागेवर असली आणि थेट झोत अंगावर नसला, तर आपल्याकडची थंडी संकरित गाईला काही करत नाही. तिला त्रास होतो तो उन्हाळ्याचा.

हवा फिरते की नाही, हे बघायला गाई आणायच्या आधी आम्ही ठाणावर घमेल्यात शेण्या पेटवून वर ओला पाला टाकला. वारा पडलेला असताना धूर सरळ आढ्याकडं गेला आणि फटीतून बाहेर पडला. पश्चिमेच्या भिंतीच्या कोपऱ्यात मात्र तो घुटमळला. तिथल्या जाळीच्या विटांचा आणखी एक थर खाली वाढवला, तेव्हा हलला. वापरातल्या गोठ्यात धुराची गरज नाही, कोळिष्टकं बघावीत. जिथं हवा थांबते तिथंच धुळकट जाळी दाट होतात.

पत्रा उडायची भीती आमच्याकडं पावसाळ्यापेक्षा वळवाच्या वाऱ्याची. तीन बाजूंनी उघडा गोठा म्हणजे वारा आत घुसून पत्रा खालून उचलतो. म्हणून वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक नळीवर स्क्रू, मधल्या ओळींत एकाआड एक, आणि कैच्या खांबाला नुसत्या वेल्डिंगवर न ठेवता प्लेट आणि बोल्टनं. उन्हाळ्यात पत्र्याला वरून पांढरा रंग. काही जण पाचट पसरतात, त्यानं थंडावा चांगला येतो, पण उसाच्या फडात आगी लागायच्या दिवसांत छपरावर वाळलं पाचट ठेवायला माझं मन घेत नाही.

एक गोष्ट पहिल्या बेरजेत नव्हती ती गाईंच्या चढण्या-उतरण्याची. पश्चिमेच्या टोकाला जोतं फूटभर आहे, म्हणून दार नैऋत्येच्या कोपऱ्यात ठेवलं आणि तिथं ८ फूट लांबीचा उतरंड कोबा केला, त्यालाही तशाच रेघा. पूर्वेकडून दार काढलं असतं तर दीड फुटाच्या जोत्याला १२ फूट लागले असते, आणि ती वाट नेमकी चेंबरवरून गेली असती.

यंदा शेजारच्या भावकीतला एक जण गोठा काढतोय. तो टेप घेऊन आला, आमचं जोतं मोजलं आणि पूर्वेच्या बाजूचा आकडा वहीत लिहून घेतला. तात्या बाजेवर बसले होते. त्यांनी त्याला थांबवलं. "तुझं रान ओढ्याकडं दोन फूट उतरतंय, तुला एवढा मुरूम कशाला? नळी घेऊन जा, आन् खड्ड्यापास्नं मोज." त्याच्या जागेवर बेरीज अकरा इंचांतच संपली.